तो वरचा एक

“सर, वजा संख्येसाठी सगळे बिट उलटे करायचे, इथपर्यंत कळलं. पण वर आणखी एक का मिळवायचा?”

वजा तीन म्हणजे काय? जी संख्या तीनमध्ये मिळवली की शून्य येतं, ती. मी एवढंच धरून चालतो. चार बिटांत ३ म्हणजे 0011, उलटे केले की 1100. यांची बेरीज करून बघा. एकीकडे 1 असेल तिथे दुसरीकडे 0 असतो, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि उत्तर येतं 1111. हे शून्य नाही. त्यात एक मिळवा. एक आणि एक दोन, म्हणजे 10. शून्य मांडलं, हातचा एक. तो पुढच्या एकाला भेटतो, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. असं करत चारही घरांत शून्य होतं आणि हातचा पाचव्या घराशी पोचतो. ते घरच नाही, त्यामुळे तो गळून पडतो. म्हणून वजा तीन म्हणजे 1100 नव्हे, 1101.

प्रॅक्टिकलला हा एक डोळ्यांनी दिसतो. बेरजेसाठी 7483, बिट उलटे करायला 7486 मधले चार एक्सॉर गेट आणि एक कंट्रोल लाइन. लाइन 0 असली की बेरीज, 1 केली की वजाबाकी. एका मुलीच्या ब्रेडबोर्डवर ७ उणे ३ चं उत्तर ३ येत होतं, ६ उणे १ चं ४. बेरजा मात्र सगळ्या बरोबर. प्रत्येक वजाबाकी नेमकी एकानेच कमी येतेय म्हटल्यावर मी थेट C0 ची वायर पाहिली, तर ती ग्राउंडला. C0 म्हणजे सगळ्यात उजव्या घरात बाहेरून येणारा हातचा. ती वायर कंट्रोल लाइनला जोडली की बिट उलटे होतानाच तो एक आपोआप आत जातो. वजाबाकीचं वेगळं सर्किट लागतच नाही! मला आजही ही युक्ती फार देखणी वाटते.

```
  0111
+ 1101
------
 10100
```

डावीकडचा 1 सोडला की उरतं 0100, म्हणजे ४.

मुलं इथे हमखास फसतात. हातचा बाहेर पडला म्हणजे उत्तर चुकलं, असं त्यांना वाटतं. वर तो पडला आणि उत्तर बरोबर आहे. आता ५ आणि ४ ची बेरीज करा: 0101 आणि 0100 मिळून 1001. हातचा बाहेर पडलाच नाही, तरी उत्तर वजा सात! चार बिटांत उणे ८ ते ७ एवढंच मावतं, ९ मावत नाही. म्हणून बेरीज तपासताना सगळ्यात डावीकडचा बिट बघा. दोन्ही संख्यांचा तो बिट सारखा असेल आणि उत्तरात तो बदलला असेल, तर ओव्हरफ्लो झालाय. एक संख्या धन आणि दुसरी ऋण असेल, तर बेरजेत ओव्हरफ्लो होऊच शकत नाही.