दिवा लावलाय हे कळता कामा नये

"खिडकीशेजारी बसते, शिवाय एक दिवाही लावते, तरी व्हिडिओत अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा का दिसतो? दिवा नेमका कुठे ठेवू?"

चेहऱ्यासमोरून उचला आणि चेहऱ्याकडे पाठ करून ठेवा. त्याआधी त्यातला पिवळा बल्ब काढून टाका. घाईत असाल तर एवढं पुरे आहे. पण मग दिवा पाठ करून कुठे, कशाकडे, किती लांब, असे पुढचे प्रश्न येतातच, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

माझी मावसबहीण मुलांना गणित शिकवते आणि धडे व्हिडिओवर रेकॉर्ड करते. तिनं मला पहिल्यांदा एक फोटो पाठवला तेव्हा खाली लिहिलं होतं, "मी आजारी दिसते का रे?" फोटो नीट मोठा करून पाहिला. डावा गाल निळसर, उजवा गाल संत्र्यासारखा, हनुवटीखाली हिरवट झाक आणि एका नाकाच्या दोन सावल्या. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. तिच्या डावीकडे खिडकी होती, उजवीकडे हातभर अंतरावर टेबल लॅम्प थेट तोंडावर रोखलेला आणि डोक्यावर ट्यूब. म्हणजे तीन उजेड, तीन दिशांनी, तीन रंगांचे.

ट्यूब आधी बंद करायला लावली. "अंधार पडेल की!" ताई म्हणाली. पडला, पण डोळ्यांखालचे खड्डे त्याच क्षणी भरून आले. वरून सरळ खाली येणारा उजेड भुवयांच्या आड अडतो आणि डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तो कितीही वाढवला तरी कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा चमकतो.

मग खिडकी. ताई खिडकीला अगदी काटकोनात बसली होती, त्यामुळे उजेड एका कानावर पडून नाकापाशी थांबत होता. टेबल फिरवून खिडकी तिच्या समोर-डावीकडे आणली, साधारण पंचेचाळीस अंशात. आता नाकाची सावली आखूड होऊन उजव्या गालावर तिरकी पडली आणि दूरच्या डोळ्यातही खिडकीचा चौकोनी ठिपका दिसायला लागला. मी हा ठिपकाच बघतो. दोन्ही डोळ्यांत खिडकी दिसत असेल तर बसण्याचा कोन बरोबर आहे.

अंतराबद्दल लोकांचा अंदाज हमखास उलटा असतो. खिडकीपासून लांब गेलं की उजेड मऊ होईल असं वाटतं. होतं उलट. सावलीची कड मऊ होते ती उजेडाची जागा चेहऱ्यावरून बघताना किती मोठी दिसते त्यावर. चार फुटांची खिडकी तीन-चार फुटांवरून भलीमोठी असते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलात तर तीच खिडकी उजेडाचं एक छोटं भोक होते आणि सावल्यांना धार येते. खिडकीच्या रुंदीइतक्या अंतरात बसावं, हा माझा ढोबळ हिशोब. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मात्र हिशोब चालत नाही, कारण तेव्हा उजेड खिडकीचा नसतो, सूर्याचा असतो, आणि आकाशात सूर्य एवढासा दिसतो. पांढरा पातळ पडदा ओढला की ऊन कापडावर पसरतं आणि सगळा पडदाच उजेड द्यायला लागतो.

आता दिवा. चेहरा उजळण्याचं काम खिडकी करते आहे. दिव्यानं फक्त उजव्या गालाची सावली थोडी उचलायची आहे, तीही अशी की कुणाला दिवा लावलाय हे कळू नये. तो कळतो दोन गोष्टींवरून, रंगावरून आणि दुसऱ्या सावलीवरून.

रंग आपल्याला खोलीत उभं राहून दिसत नाही. आपले डोळे लगेच जुळवून घेतात. म्हणून ताईला एक पांढरा कागद मधोमध दुमडून छपरासारखा टेबलावर ठेवायला सांगितलं, एक उतार खिडकीकडे, एक दिव्याकडे, आणि त्याचा फोटो काढायला लावला. फोटोत छपराचा एक उतार निळा आणि एक केशरी निघाला. फोन यातला एकच उतार पांढरा करू शकतो. खिडकीकडचा केला तर दिव्याकडचा आणखी केशरी होतो, उलट केलं तर दुसरा निळा पडतो. ताईच्या गालांचं नेमकं हेच झालं होतं. फिल्टर लावून ते जात नाही, कारण फिल्टर दोन्ही गालांना सारखाच लागतो.

तिच्या दिव्यात २७०० केल्व्हिनचा पिवळा बल्ब होता. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, मोठा तेवढा निळा. दिवसाचा उजेड ढोबळपणे ५५०० ते ६५०० च्या आसपास असतो, निरभ्र आकाशाच्या सावलीत आणखी निळा. म्हणून खोक्यावर ६५०० लिहिलेला पांढरा एलईडी बल्ब आणला. कागदाचं छप्पर पुन्हा मांडलं. दोन्ही उतार जवळपास एकसारखे आले.

इथे एक फसगत होते, माझीही झाली होती. आकडा जुळला तरी कातडी मेलेली दिसते. खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. साध्या स्वस्त बल्बांचा हा आकडा बहुधा ऐंशीच्या आसपास असतो. गंमत अशी की हे माप आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि गडद लाल रंग त्या आठात नाहीच. तो आर९ नावानं वेगळा मोजतात आणि खोक्यावर क्वचितच छापतात. आपल्या कातडीचा जिवंतपणा खालच्या रक्ताच्या लालीवर उभा असतो. बल्बच्या उजेडात लाल कमी असेल तर गोरा चेहरा राखाडी होतो आणि सावळा चेहरा मातकट. नव्वदच्या वरचा सीआरआय लिहिलेला बल्ब थोडा महाग पडतो, पण पैसे घालायचेच तर इथे घालावेत, रिंग लाइटवर नाही. (रिंग लाइटची ती गोल बांगडी बुबुळात दिसली की मला पुढचं काही दिसत नाही.)

घरी तपासायचं तर तळहात बघा. खिडकीत धरलेला तळहात गुलाबीसर, बोटांच्या टोकांशी जास्त लाल दिसतो. मग दिवे बंद खोलीत फक्त त्या बल्बखाली धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा मध्य एकाच उंदरी रंगाचे दिसले तर तो बल्ब जिन्यात लावा.

राहिली दुसरी सावली. दिवा लहान आहे, म्हणून त्याची सावली धारदार पडते. तो कापडानं झाकायच्या भानगडीत पडू नका, जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब असेल तर कापड पेटेल. त्यापेक्षा त्याला भिंतीकडे वळवा. ताईनं फोनमागच्या भिंतीकडे वळवला आणि फोटो पाठवला. हनुवटी पुन्हा हिरवी! भिंत पोपटी होती हे ती मला सांगायला विसरली होती. उजेड ज्याच्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन परत येतो, मग ती भिंत असो, टेबल असो वा अंगातला ड्रेस. भिंतीवर पांढरी चादर टांगली. फोनच्या किंचित उजवीकडे, चेहऱ्यापासून चार फुटांवर. दिवा चादरीला चिकटवून ठेवला तर मधे एक छोटा चट्टा पडतो, म्हणून दोन फूट मागे घेतला, तेव्हा चादरीचा मोठा भाग उजळला. फोनच्या बाजूनंच उजेड येत असल्यामुळे त्याची सावली नाकामागे लपते, गालावर दिसत नाही. तेलकट कपाळावरचा पांढरा ठिपकाही गेला, त्याच्या जागी नुसती हलकी तकाकी राहिली. सावळ्या चेहऱ्याला हीच तकाकी आकार देते, ती पावडरीनं पुसू नये.

आणि मग ताईचा फोन आला. "अरे, दिवा लावला काय नि बंद केला काय, काहीच फरक पडत नाही." तिचं बरोबर होतं. दुपारचे बारा वाजले होते. नऊ वॅटचा बल्ब चादरीवर आपटून जेवढा उरतो तेवढा उजेड भर दुपारच्या खिडकीपुढे काहीच नाही. दिवा वाढवता येत नाही, पण खिडकी कमी करता येते. पातळ पडदा दुहेरी केला. खिडकीचा उजेड उतरला, फोननं एकूण चित्र उजळून घेतलं आणि त्याबरोबर दिव्याचं काम दिसायला लागलं. खरं तर भर दुपारी दिवा हवाच असं नाही. तीच चादर उजवीकडे खुर्चीच्या पाठीवर टाकून दीड-दोन फुटांवर आणली तर ती खिडकीचाच उजेड परत फेकते, रंग जुळवायची कटकटही नाही.

सावली किती उचलायची ते डोळे किलकिले करून ठरवा. उजवा गाल डाव्यापेक्षा गडदच दिसायला हवा, पण तिथल्या डोळ्याची पापणी ओळखू यायला हवी. दोन्ही गाल सारखे झाले तर चेहरा पारपत्राच्या फोटोसारखा सपाट होतो. उजेड जास्त वाटला तर चादर आणि दिवा दोन्ही मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड जवळपास चौथाईवर येतो, म्हणून फूटभरानंही फरक पडतो.

शेवटी फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड लॉक करायचा, आणि मॅन्युअल सोय असेल तर रंगही. नाहीतर ढग आला की धड्याच्या मधेच चेहऱ्याचा रंग बदलतो.

हे सगळं संध्याकाळी कोलमडतं. सूर्य कलला की खिडकी आधी पिवळी, मग निळी होते आणि दिव्याचा रंग मात्र तोच राहतो. ताई आता साडेपाचला पडदा पूर्ण ओढते आणि पांढरी चादर दिव्यासकट उचलून खिडकीच्या जागी आणते. फरशीवर तिनं चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत, एकीवर "दुपार" लिहिलंय, दुसरीवर "शाळा सुटल्यावर".