बिल-वाचक प्रकल्प: दोन-तीन ओळींत पसरलेलं वर्णन एकाच आयटममध्ये कसं ठेवायचं

पीडीएफ बिलांतून आयटमची यादी काढणाऱ्या माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये या खेपेला एकच काम हाती घेतलं होतं. वर्णन लांबलं की ते रकान्यात मावत नाही आणि खालच्या ओळीवर उतरतं. मग ती उतरलेली ओळ स्वतंत्र आयटम म्हणून यादीत घुसते. हे बंद करायचं होतं. खालचं सगळं मजकूर निवडता येतो अशा पीडीएफबद्दल आहे, स्कॅन केलेल्या बिलांबद्दल नाही.

वाचनासाठी `pdfplumber` वापरतो. त्यातलं `extract_words()` प्रत्येक शब्दाबरोबर त्याची जागा देतं: `x0` आणि `x1` म्हणजे डावी-उजवी कड, `top` आणि `bottom` म्हणजे पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर, पॉइंटमध्ये. आपल्या कामाला हे फार मोलाचं आहे, कारण आयटम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची खूण शब्दांत सापडत नाही, जागेत सापडते. वर्णनाच्या दुसऱ्या ओळीत ‘१३ मिमी’ किंवा ‘१२ महिने’ आलं की नुसते आकडे शोधणारा प्रोग्रॅम त्यालाच नग समजून बसतो. म्हणून आकडा कोणत्या रकान्यात पडतो ते आधी पाहायचं. रकमा बहुधा उजवीकडे जुळवून छापलेल्या असतात, तेव्हा त्यांच्यासाठी `x1` पाहावा. `x0` रकमेच्या लांबीप्रमाणे हलत राहतो.

रूढ नियम असा: ज्या ओळीत रक्कम आहे तिथे नवा आयटम, आणि ज्या ओळीत नाही ती आधीच्या आयटमला चिकटवायची. आकडे खान्याच्या वरच्या कडेला छापलेले असतील तर हा नियम उत्तम चालतो. पण बरीच बिलं आकडे खान्याच्या उभ्या मध्यावर छापतात, आणि तिथे तो फसतो. नमुन्यादाखल मी स्वतः तयार केलेलं एक बिल घ्या. प्रत्येक ओळीतला डावीकडचा पहिला आकडा म्हणजे `top`.

```
312  पोलादी शेल्फ, चार फळ्यांचं,
318                                   2   1450   2900
324  भिंतीला लावायच्या पट्ट्यांसह
344  स्क्रूचं पाकीट                       5     60    300
364  ड्रिल मशीन, दोन बॅटऱ्या
376  व चार्जरसहित, 13 मिमी चक,          1   4200   4200
388  वॉरंटी 12 महिने
```

रूढ नियमाने ३१२ ची ओळ निराधार राहते, कारण तिच्याआधी आयटमच नाही. ३१८ ला वर्णनच नसलेला आयटम तयार होतो आणि त्याला ३२४ ची ओळ चिकटते. ३६४ ची ओळ तर सरळ स्क्रूच्या पाकिटाला जाऊन मिळते, म्हणजे पाकिटाचं नाव ‘स्क्रूचं पाकीट ड्रिल मशीन, दोन बॅटऱ्या’ आणि ड्रिलचं नाव ‘व चार्जरसहित’ पासून सुरू. आता गंमत बघा: नग गुणिले दर बरोबर रक्कम हे तिन्ही ठिकाणी जुळतं, बेरीजही ७,४०० म्हणजे बरोबरच येते. आपण सगळेच बेरीज जुळली की निश्चिंत होतो. पण बेरीज फक्त आकड्यांची साक्ष देते, वर्णनं कुणाकडे गेली याची नाही.

म्हणून आता क्रम उलटा केला आहे. आधी आकडे बाजूला ठेवायचे आणि फक्त वर्णनाच्या रकान्यातल्या ओळी घ्यायच्या. एका ओळीचा `bottom` आणि पुढच्या ओळीचा `top` यांच्यातली फट मोजायची. वरच्या बिलात अक्षरांची उंची ९ पॉइंट आहे, म्हणजे एकाच आयटमच्या ओळींमध्ये ३ पॉइंटची फट आणि दोन आयटमच्या मध्ये ११ ची. सगळ्या फटी चढत्या क्रमाने लावल्या की मधली उडी लगेच दिसते. मर्यादा त्या उडीच्या मध्यावर, इथे ७ वर ठेवली.

```python
def split_blocks(lines, limit):
    blocks = [[lines[0]]]
    for prev, cur in zip(lines, lines[1:]):
        if cur["top"] - prev["bottom"] > limit:
            blocks.append([])
        blocks[-1].append(cur)
    return blocks
```

यातून तीन गठ्ठे मिळतात: ३१२–३२४, ३४४, आणि ३६४–३८८. मग आकड्यांची ओळ ज्या गठ्ठ्याच्या उभ्या व्याप्तीत पडते त्याच्या नावावर करायची. आकडे वर असोत, मध्ये असोत की तळाशी, याने काही फरक पडत नाही. `limit` ठोक ठरवून टाकू नये, प्रत्येक बिलातून मोजूनच काढावी, कारण अक्षराचा आकार बदलला की फटीही बदलतात. `top` ते `top` मोजण्याचा मोह टाळावा. दुसरी ओळ बारीक अक्षरांत असली की ते माप गडबडतं.

खरी परीक्षा दाट तक्त्यांत होते, जिथे आयटममध्ये जादा फट सोडलेलीच नसते. वर्णनाच्या ओळी ३१२, ३२४, ३३६, ३४८, ३६०, ३७२ आणि आकडे ३१८, ३३६, ३६० वर, असं समजा. आकडे मध्यावर आहेत हे इथे ३१८ वरूनच कळतं, कारण ते दोन ओळींच्या बरोबर मधोमध पडतात. मग गठ्ठ्याची पहिली ओळ आणि आकड्यांची जागा माहीत असली की शेवटची ओळ गणिताने निघते:

```python
end = 2 * amount_top - first_top
```

पहिला गठ्ठा ३१२ पासून, म्हणून शेवट ३२४. पुढचा ३३६ पासून आणि आकडेही ३३६ वर, म्हणजे एकच ओळ. तिसरा ३४८ पासून, शेवट ३७२, आणि तक्त्याची शेवटची ओळ तीच आहे. हा हिशेब स्वतःची तपासणी स्वतःच करतो: `end` प्रत्यक्ष ओळीवर पडला नाही, किंवा शेवटी एखादी ओळ उरली, तर धरलेली मांडणी चुकीची. हा भाग जमला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

तरी एक कोडं असं आहे की ते या आकड्यांवरून सुटूच शकत नाही. ओळी ३१२, ३२४, ३३६, ३४८ आणि आकडे ३१२ व ३३६ वर. आकडे वरच्या कडेला धरले तर दोन-दोन ओळींचे दोन आयटम होतात. मध्यावर धरले तर एक ओळीचा एक आणि तीन ओळींचा एक. दोन्ही मांडण्या निर्दोष. अशा वेळी आधी `page.lines` आणि `page.rects` मध्ये आडव्या रेघा आहेत का ते पाहतो. असल्या तर प्रश्नच मिटला. नसल्या तर त्याच नमुन्याचं दुसरं बिल शोधतो, ज्यात आकडे दोन ओळींच्या मधोमध आलेले असतील. त्या एका बिलावरून पूर्ण नमुन्याची मांडणी नक्की होते, आणि ती त्या नमुन्याच्या नावाने साठवून ठेवतो. दुसरं बिलही नसेल तर प्रोग्रॅमने अंदाज करू नये, बिल तपासणीसाठी बाजूला काढावं, असं माझं ठाम मत आहे.

बेरजेच्या जोडीला आता दोन तपासण्या घातल्या आहेत. वर्णन रिकामं असलेला आयटम एकही नसावा, आणि वर्णनाच्या रकान्यातला प्रत्येक शब्द नेमका एका गठ्ठ्यात गेलेला असावा. ३६४ च्या ओळीची चूक मात्र या दोन्हींतून निसटते. ती पकडायला प्रत्येक आकडा आपल्या गठ्ठ्याच्या वर, मध्ये की तळाशी पडतो ते पाहावं लागतं: एकाच तक्त्यात काही वर आणि काही मध्ये दिसले की काहीतरी बिनसलेलं असतं.

आकडे नसलेले गठ्ठे उरतात. तक्त्याच्या मध्ये आले तर ती बहुधा ‘सुटे भाग’ किंवा ‘मजुरी’ अशी उपशीर्षकं असतात आणि त्यांना कुणालाही चिकटवत नाही. पान बदलल्यावर शीर्षकपट्टीखालचा पहिलाच गठ्ठा बिनआकड्यांचा असेल, तर तो आधीच्या पानावरच्या आयटमचा उरलेला भागही असू शकतो. आधीच्या पानावरचं वर्णन तक्त्याच्या तळाला टेकलेलं असेल तरच तो जोडतो. खाली जागा मोकळी असेल तर वर्णन तिथेच छापलं गेलं असतं, म्हणून तो गठ्ठा उपशीर्षक मानतो.