सात बिटांची सम पॅरिटी: सोळा गेट, एक चुकीची आयसी आणि सुटलेली केबल

पॅरिटीचा बिट बनवणारा जनरेटर आणि केबलच्या पलीकडे तो तपासणारा चेकर, दोन्ही एकाच ब्रेडबोर्डवर उभे आहेत. वापरलेलं सामान: चार ७४एचसी८६, आठ टोकांचा डिप स्विच (सातच वापरात), तीन पुश बटणं, दोन एलईडी, प्रत्येकासोबत १ किलोओहमचा रेझिस्टर, १० किलोओहमचे अठरा रेझिस्टर आणि प्रत्येक आयसीच्या पिन १४ व ७ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुरवठा ५ व्होल्ट.

सम पॅरिटीचा नियम सरळ आहे. डेटाचे सात बिट, D0 ते D6, आणि पॅरिटीचा आठवा बिट P मिळून एकांची संख्या सम आली पाहिजे. एक्सॉर नेमकं हेच मोजतो: इनपुटमध्ये विषम एक असतील तर आउटपुट १. म्हणून सात बिटांचा एक्सॉर हाच थेट P होतो, मागे इन्व्हर्टर लावावा लागत नाही. सात इनपुटांना सहा गेट लागतात. ते एकामागे एक साखळीत लावले तर D0 ला सहा गेटांतून जावं लागतं आणि D6 ला एकाच. झाडासारखी मांडणी केली की गेट तेवढेच लागतात, पण कुठलाही बिट तीनपेक्षा जास्त गेटांतून जात नाही:

```
A = D0 ^ D1
B = D2 ^ D3
C = D4 ^ D5
L = A ^ B
R = C ^ D6
P = L ^ R
```

पहिल्या आयसीत A, B, C, L हे चौघे बसतात. गेटच्या पिना अशा: १, २ इनपुट आणि ३ आउटपुट, ४, ५ आणि ६, ९, १० आणि ८, १२, १३ आणि ११. मोजताना गडबड होते ती उजव्या बाजूला, कारण तिथे आउटपुट ८ आणि ११ वर येतात. दुसऱ्या आयसीत R आणि P. चेकर म्हणजे हेच झाड, फक्त R च्या फांदीत D6 एकटा न जाता केबलवरून आलेल्या P शी आधी एक्सॉर होतो. त्याला सात गेट लागतात. शेवटचं आउटपुट E: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे चूक.

सहा आणि सात मिळून तेरा गेट. चार आयसींत सोळा असतात, म्हणजे तीन उरतात. सीमॉस आयसीत न वापरलेल्या गेटचे इनपुट लोंबकळत ठेवायचे नसतात, ते ग्राउंडला बांधायचे, हे खरं. पण इथे त्यांचा त्याहून चांगला उपयोग आहे. एक्सॉरच्या एका इनपुटला १ दिला की तो दुसरं इनपुट उलटं करतो, ० दिला की जसंच्या तसं सोडतो. म्हणून उरलेले तीन गेट जनरेटर आणि केबल यांच्यामध्ये D2, D5 आणि P या तारांत घातले, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या इनपुटला एक पुश बटण दिलं, १० किलोओहमच्या पुल-डाउनसह. बटण दाबलं की त्या तारेवरचा बिट उलटतो. चेकर खरोखर तपासतो आहे की नुसता गप्प बसला आहे, हे अशा मुद्दाम केलेल्या चुकीशिवाय कळत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आस्कीतलं C हे अक्षर म्हणजे D6 पासून D0 पर्यंत `1000011`. एक तीन आहेत, म्हणून P १ आला पाहिजे. A = ०, B = ०, C = ०, L = ०, R = १, P = १. बरोबर. आता D2 चं बटण दाबा: पलीकडे `1000111` पोचतं, P धरून पाच एक होतात आणि E चा दिवा लागतो. ते दाबून ठेवून D5 चंही दाबा: `1100111`, P धरून सहा एक, आणि दिवा विझतो. पलीकडे C च्या जागी छोटं g पोचलं आहे आणि चेकर म्हणतो ठीक आहे. तिसरं बटणही दाबलं की दिवा पुन्हा लागतो. पॅरिटीला किती बिट बिघडले ते कळत नाही, कुठले तेही नाही. बिघडलेल्यांची संख्या विषम आहे एवढंच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे जनरेटरची चाचणी. नेहमीची पद्धत अशी की सगळे स्विच खाली ठेवायचे आणि D0 पासून एकेक वर करत जायचं. दर वेळी P बदलला पाहिजे: १, ०, १, ०, १, ०, १. एखाद्या स्विचला तो बदलला नाही तर त्या बिटाची तार किंवा गेट तुटलं आहे. चाचणी चांगली आहे, पण पुरेशी नाही. ७४एचसी३२ हा ऑर गेटचा आयसी आहे आणि त्याच्या पिना ७४एचसी८६ सारख्याच आहेत. समजा दुसऱ्या जागी चुकून तो बसला, म्हणजे R आणि P हे दोन्ही ऑर झाले. तरी वरची चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पडते! कारण D0 ते D3 वर होईपर्यंत R शून्यच असतो, आणि त्यानंतर L शून्यावर परतलेला असतो. C आणि D6 यांचंही तसंच. ऑर आणि एक्सॉर यांच्यात फरक पडतो तो फक्त दोन्ही इनपुट १ असताना, आणि ती वेळ या दोन गेटांवर येतच नाही.

उपाय सोपा आहे. सगळे खाली करून फक्त D0 आणि D4 वर करा: L = १, R = १, P शून्य हवा. मग फक्त D4 आणि D6, आणि फक्त D0 आणि D2. दोन्ही वेळा P शून्यच हवा. कुठे P चा दिवा लागला तर आयसीवरचा नंबर वाचा. स्विचच्या सगळ्या १२८ स्थिती तपासायच्या असतील तर ग्रे कोडच्या क्रमाने जा. दर पावलाला एकच स्विच हलतो, त्यामुळे P दर पावलाला उलटलाच पाहिजे आणि तक्ता समोर ठेवायची गरज राहत नाही.

आता केबल. चेकरच्या आठही इनपुटांना पुल-डाउन लावले तर केबल उपटल्यावर आठ शून्यं दिसतात. शून्य ही समच संख्या, त्यामुळे E म्हणतो ठीक. आठही पुल-अप केले तर आठ एक, तेही सम. म्हणून डेटाच्या सात तारांना १० किलोओहमचे पुल-डाउन आणि P ला १० किलोओहमचा पुल-अप लावला आहे. केबल सुटली की एकच एक उरतो आणि दिवा लागतो. चालू केबलवर याचा त्रास नाही. आउटपुटला फक्त अर्धा मिलिअँपिअर सांभाळावा लागतो. हे एचसी मालिकेपुरतं आहे. एलएस मालिकेच्या इनपुटमधून शून्यावर असताना प्रवाह बाहेर येतो, आणि १० किलोओहमवर तो व्होल्टेज इतकं वर उचलतो की शून्य शून्य राहत नाही. एकच तार तुटली तर मात्र शोध अर्धवट लागतो: D3 तुटली तर त्या बिटावर १ पाठवला जाईल तेव्हाच E बोलेल.

एक गोष्ट अजून बाकी आहे. दोन बिट एकाच वेळी बदलले की वेगवेगळ्या वाटांच्या विलंबामुळे E वर काही नॅनोसेकंदांची टोचणी येते. एलईडीवर ती दिसत नाही, पण E थेट काउंटरच्या क्लॉकला दिला तर तो खोट्या चुका मोजेल. पुढच्या टप्प्यात E आधी डी फ्लिप-फ्लॉपमध्ये, डेटा स्थिरावल्यानंतरच्या क्लॉकवर पकडायचा आणि मगच मोजायचा.