तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो गेलेल्या श्लोकाचा अर्थ

"श्लोकाचा फोटो आता माझ्याकडे नाही. झाडं आणि चांगली माणसं, परोपकार, असं काहीतरी होतं त्यात. अर्थ सांगाल का?"

सांगता येतो, पण आधी श्लोक सापडावा लागतो आणि तो शोधताना मला पहिला मोह आवरावा लागतो तो लगेच एखादा श्लोक म्हणून दाखवण्याचा. पूर्वी मी तसे करत असे. विषय ऐकला की तोंडात येईल तो श्लोक म्हणायचो आणि समोरची व्यक्ती "हो, हाच" म्हणायची. पुढे मूळ मजकूर हाती लागला की कळायचे, श्लोक निराळाच होता. यात विचारणाऱ्याची चूक नसते. अर्धवट आठवणीवर एक घडीव, नादमय श्लोक येऊन पडला की जुनी आठवण पुसली जाते आणि मग ती पुन्हा विचारूनही मिळत नाही. म्हणून आता मी आधी फक्त प्रश्न विचारतो.

झाडे, फळे आणि सज्जन एकत्र आणणारी किमान तीन सुभाषिते सर्वत्र प्रचलित आहेत. 'पिबन्ति नद्यः स्वयमेव नाम्भः' या श्लोकात नद्या स्वतःचे पाणी पीत नाहीत, झाडे स्वतःची फळे खात नाहीत आणि सज्जनांची संपत्ती परोपकारासाठी असते. तेथे मुद्दा आहे आपल्याजवळचे स्वतःसाठी न वापरण्याचा. 'भवन्ति नम्रास्तरवः फलोद्गमैः' हा श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे आणि शाकुंतलाच्या पाचव्या अंकातही येतो. त्यात झाडे फळभाराने वाकतात, नव्या पाण्याने भरलेले ढग खाली उतरतात आणि समृद्धी आली तरी सत्पुरुष उद्धट होत नाहीत. तेथे मुद्दा नम्रतेचा आहे. तिसरा 'छायामन्यस्य कुर्वन्ति'. त्याकडे पुढे येतोच. तिघांचा विषय एका शब्दात सांगायचा तर कोणीही 'परोपकार' म्हणेल, पण अर्थ तीन आहेत आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला लावला तर ते उत्तर चुकीचेच ठरते.

म्हणून वरचा प्रश्न आला तेव्हा मी प्रथम विचारले, "'परोपकार' हा शब्द तिथे लिहिलेला होता, की तो तुम्ही काढलेला आशय?" थोडा विचार करून उत्तर आले की शब्द पाहिल्याचे आठवत नाही, खाली दिलेल्या अर्थावरून तसे वाटले असावे. या एका उत्तराने बरेच काम झाले, कारण पहिल्या दोन्ही श्लोकांच्या शेवटच्या चरणात हा शब्द चांगला ठळक आहे आणि तिसऱ्यात तो मुळीच नाही. तेथे केवळ 'परार्थाय' आहे.

दुसरा प्रश्न आकाराचा होता. अर्थ विसरला तरी मजकूर डोळ्यांना कसा दिसला हे माणसाच्या लक्षात राहते. अनुष्टुभाच्या चरणात 8 अक्षरे असतात, त्यामुळे असा श्लोक बहुधा 16 अक्षरांच्या दोन ओळींत मावतो. वरच्या पहिल्या दोन श्लोकांच्या चरणांत 11 किंवा 12 अक्षरे आहेत आणि असे श्लोक बऱ्याचदा चार ओळींत मांडलेले दिसतात. दोनच ओळी होत्या, असे सांगण्यात आले. लिहिणारा दोन लांब ओळीही करू शकतो, म्हणून एवढ्यावर मी निर्णय देत नाही. पण पारडे अनुष्टुभाकडे झुकले.

मग सुरुवातीचे अक्षर. आठवणीतल्या मधल्या दहा शब्दांपेक्षा पहिले एक अक्षर मोलाचे, कारण सुभाषितसंग्रहांच्या शेवटी असणारी श्लोकानुक्रमणी पहिल्या चरणावरून अकारविल्हे लावलेली असते. उत्तर आले, "छाया मान्यस्य, म्हणजे मान्यवरांची सावली असं काहीतरी." येथे श्लोक सापडला:

छायामन्यस्य कुर्वन्ति तिष्ठन्ति स्वयमातपे।
फलान्यपि परार्थाय वृक्षाः सत्पुरुषा इव॥

मात्र 'मान्यस्य' ही नुसती विस्मरणाची चूक नव्हती, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. मूळ पदे 'छायाम्' आणि 'अन्यस्य' अशी आहेत. लिहिताना ती जोडली जातात, आणि मराठी डोळा 'छाया' हा ओळखीचा शब्द आधी उचलतो. मग उरलेल्या 'मन्यस्य'ला काही अर्थ द्यायचा म्हणून मनच त्याला काना देते. वृत्त ही चूक पकडत नाही, कारण पुढे 'न्य' हे जोडाक्षर असल्याने 'म' तसाही गुरूच आहे आणि अक्षरसंख्याही बदलत नाही. ती व्याकरणाने पकडावी लागते. 'कुर्वन्ति' म्हणजे 'करतात', क्रियापद अनेकवचनी आहे. 'छाया' हे एकवचनी पद त्याचा कर्ता होऊ शकत नाही. कर्ता थेट चौथ्या चरणात बसला आहे, 'वृक्षाः', आणि 'करतात' याला जे कर्म हवे ते 'छायाम्' आहे. 'अन्यस्य' म्हणजे दुसऱ्याची, येथे दुसऱ्यासाठी. मान्यवर कोठेही नाहीत. सावली कोणाही दुसऱ्याला आहे, आणि श्लोकाचे सारे बळ त्या 'कोणाही'त आहे.

दुसरी गोष्ट उपमेच्या दिशेची, जी मजकूर समोर नसताना जवळजवळ नेहमी उलटी होते. विचारणाऱ्याने आशय सांगितला होता तो असा: सज्जन झाडांसारखे असतात. संस्कृतात 'इव' ज्याच्याशी तुलना करायची त्या पदानंतर येतो. येथे तो 'सत्पुरुषाः'च्या पुढे आहे. मध्ये विसर्ग लोपल्यामुळे 'सत्पुरुषा इव' असे दिसते. म्हणजे झाडे सत्पुरुषांसारखी आहेत. कवी झाडाकडे पाहतो आहे आणि त्याला चांगला माणूस आठवतो आहे. सज्जनपणा म्हणजे काय हे वाचकाला ठाऊकच आहे असे धरून तो झाडाला त्या मापाने मोजतो. मला स्वतःला हा श्लोक त्यासाठीच प्रिय आहे. आठवणीत फक्त 'झाड' आणि 'सज्जन' एवढी दोन नावे उरली, तर हा फरक परत मिळवण्याचा मार्ग राहत नाही. त्यासाठी 'इव' कोणत्या शब्दाला लागून आहे ते पाहावेच लागते.

तेव्हा मी कळवलेला अर्थ असा होता: झाडे दुसऱ्यावर सावली धरतात आणि स्वतः उन्हात उभी राहतात, त्यांची फळेसुद्धा इतरांसाठीच असतात, झाडे सत्पुरुषांसारखी आहेत. 'अपि'चा 'सुद्धा' मी मुद्दाम ठेवला, कारण सावली देताना ऊन सोसणे हे आधीच सांगून झाले आहे आणि फळे ही त्यावरची भर आहे. सोबत मी हेही लिहिले की ही ओळख पहिल्या शब्दावरून, ओळींच्या आकारावरून आणि 'परोपकार' हा शब्द पाहिल्याचे आठवत नाही यावरून केलेली आहे, आणि फोटोत तिसऱ्या चरणाचा आरंभ 'फलान्यपि' असा दिसल्याचे आठवले तर शंका उरणार नाही.

दोन दिवसांनी उत्तर आले. 'फलान्यपि' आठवत नव्हते, पण दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी, दोन उभ्या रेघांच्या आधी, दोन अक्षरांचा एक सुटा शब्द होता, हे मात्र पक्के आठवत होते.