गोळी रात्री, रस सकाळी

“आईबाबा सध्या आमच्याकडे अमेरिकेत आलेत. बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या बाटलीवर ग्रेपफ्रूट टाळा असं स्टिकर लावलंय. बाबांना ते फळ फार आवडलं. गोळी रात्री घेतात, मग रस सकाळी प्यायला तर काय हरकत आहे?”

हरकत आहे, आणि ती का आहे हे कळायला आधी गोळीचा आतड्यातला प्रवास बघावा लागेल. परदेशात मुलांकडे गेलेल्यांच्या घरून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तरच लिहितो.

गोष्ट सुरू होते कॅनडात, ऑन्टारिओमधल्या लंडन शहरात. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. कोणाला दारू मिळाली आणि कोणाला नाही हे चवीवरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही पेले ग्रेपफ्रूटच्या रसात बनवले. निकाल आले तेव्हा औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि गंमत म्हणजे ज्यांना दारू दिलीच नव्हती त्यांच्यातही. दोन्ही पेल्यांत सारखं असं एकच होतं, तो रस. मग १९९१ साली त्यांनी सरळ रसाचीच चाचणी छापली. पाण्याबरोबर घेतलेल्या फेलोडिपिनच्या तुलनेत ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर रक्तात सरासरी जवळजवळ तिप्पट औषध पोचलं, आणि एखाद्यात तर चौपटीच्याही वर. संत्र्याच्या रसाने मात्र काही फरक पडला नाही.

औषध वाढलं म्हणजे ते शरीरातून बाहेर पडायला उशीर होत असेल, असं कोणालाही वाटेल. पण फेलोडिपिन रक्तातून ओसरण्याचा वेग तोच राहिला होता. रक्तातून औषध काढून टाकण्याचं मुख्य काम यकृताचं. तिथे बिघाड नाही, तर गडबड त्याच्या आधी, रक्तात शिरतानाच होत असणार.

गोळी गिळल्यावर तिला रक्तात पोचायला दोन जकात नाके ओलांडावे लागतात. पहिला नाका लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचा, दुसरा यकृताचा. दोन्हीकडे सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं आणि ते औषधाचे रेणू तोडत जातं. फेलोडिपिनचा ढोबळ हिशेब असा: शंभर रेणू आत गेले तर आतड्यातून निम्मे सुटतात, आणि त्या पन्नासांतले यकृतातून पंधराच्या आसपास पुढे जातात. आता पहिला नाका उठवला तर यकृताकडे पन्नासच्या जागी शंभर जातील आणि त्याच प्रमाणात तीस सुटतील. यकृताने काहीच बदललेलं नाही, तरी रक्तात दुप्पट औषध. काहींच्या आतड्यात हे एन्झाइम जात्याच जास्त असतं. एरवी त्यांचं औषध तिथेच जास्त वाया जातं, म्हणून रसाने होणारी वाढही त्यांच्यातच मोठी. दोन माणसांवर सारखाच पेला सारखं काम करत नाही तो यामुळे.

नाका उठवणारे रसातले पदार्थ म्हणजे फ्युरॅनोकुमारिन. त्यातला मुख्य बर्गामोटिन आणि त्याचाच जवळचा भाऊबंद डायहायड्रॉक्सीबर्गामोटिन. एन्झाइम नेहमीच्या सवयीने यांनाही तोडायला घेतं. पण तोडताना यांच्यापासून एक अतिशय चिकट, क्रियाशील तुकडा तयार होतो आणि तो त्याच एन्झाइमला कायमचा जोडला जातो. आपल्याच कामाने ते निकामी होतं. मग पेशी त्याची विल्हेवाट लावते. १९९७ साली निरोगी माणसांना रोज तीन पेले रस देऊन त्यांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासले गेले, तेव्हा एन्झाइमचं प्रमाण सरासरी ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ते बनवण्याचा पेशीतला आदेश, म्हणजे आरएनए, मात्र जसाच्या तसा होता. बनवणं चालूच होतं, बनलेलं नष्ट होत होतं. फ्युरॅनोकुमारिन काढून टाकलेला रस पुढे फेलोडिपिनबरोबर देऊन पाहिला, तर परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे दोषी कोण याबद्दल फारसा वाद उरला नाही. यकृत वाचतं, कारण नेहमीच्या एखाद-दोन पेल्यांतून तिथवर पुरेसं काही पोचत नाही.

आता बाबांच्या रात्र-सकाळच्या योजनेकडे. रस पोटात आहे तेवढाच वेळ त्याचा परिणाम टिकत असता तर ही योजना उत्तम होती. पण इथे एन्झाइम नष्ट झालेलं आहे. रस केव्हाच निघून गेला तरी नवीन एन्झाइम बनेपर्यंत नाका रिकामाच. सिमवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीत, दुप्पट दाट रस दिवसातून तीनदा असा भरपूर पाजल्यावर औषध साधारण तेरापटीने वाढलं. शेवटच्या पेल्यानंतर एक दिवस थांबून गोळी दिली तरी ते दुप्पट होतं, तीन दिवसांनी नेहमीपेक्षा थोडंच जास्त, आणि आठवड्याने पूर्ववत. एवढा रस कोणी पीत नाही हे खरं. पण साधा एक पेला रोज, गोळीबरोबर, तीन दिवस घेतला तरी सिमवास्टॅटिन तिपटीच्या वर गेलं. बारा तासांचं अंतर ठेवल्याने परिणाम कमी होतो, संपत नाही, आणि रोज पेला असेल तर रोज नव्याने सुरू होतो.

सिमवास्टॅटिन वाढल्याची खूण स्नायूंत दिसते. मांड्या, खांदे दुखतात, जिना चढताना पाय उचलत नाहीत, आणि फार बिघडलं तर लघवी काळ्या चहासारखी होते. असं झालं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं. तिथे सीके नावाचं स्नायूंतलं एन्झाइम रक्तात किती आहे ते बघतात. स्नायू फुटायला लागले की ते चढतं आणि त्याचा मार मूत्रपिंडांना बसतो.

म्हणून बाबांची गोळी नेमकी कोणती ते बाटलीवर वाचून सांगा. सिमवास्टॅटिन किंवा लोवास्टॅटिन असेल तर फळ बंद. अॅटोरवास्टॅटिनवर परिणाम होतो, पण बराच कमी. रोसुवास्टॅटिन आणि प्रावास्टॅटिन या एन्झाइमवर अवलंबूनच नाहीत. फळ फारच लाडकं असेल तर गोळी बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही, मी तर विचारच म्हणेन. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास देतात ते अॅम्लोडिपिन फेलोडिपिनच्याच कुटुंबातलं, पण त्याचा साठ टक्क्यांहून जास्त भाग एरवीही रक्तात पोचतो. पहिल्या नाक्यावर फारसं अडतच नाही, तर नाका उठला काय आणि राहिला काय.

यानंतर हमखास येणारा प्रश्न मोसंबीचा. आपली जालन्याकडची मोसंबी ही गोड संत्र्याच्याच जातीतली आहे, तिला या यादीत ओढू नका. लक्ष ठेवायचं ते पपनसावर. ग्रेपफ्रूट मुळात पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून वेस्ट इंडीजमध्ये जन्मलं, आणि फ्युरॅनोकुमारिनचा वारसा त्याला पपनसाकडूनच आला. मूत्रपिंड बदललेल्या एका जपानी रुग्णाने पपनस खाल्ल्यावर, नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी एकदम चढल्याची नोंद आहे. त्या औषधात पातळी जरा वर गेली तरी नवं मूत्रपिंडच धोक्यात येतं. कोकणातल्या परसात पपनसाचं झाड असेल आणि घरात कोणी प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेत असेल, तर त्यांच्या वाटच्या फोडी दुसऱ्या कोणीतरी खाव्यात.