तोंडातला खडा

"ताई, आपला धम्म करुणेचा. मग दारात हात पसरून उभ्या राहिलेल्या आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि मध्यम मार्ग म्हणजे थोडं त्याचं ऐकायचं, थोडं आपलं खरं करायचं, असंच ना?"

आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. वाचन संपलं, चटया गुंडाळल्या, की कुणीतरी मला बाजूला घेतं. बहुतेक बायकाच असतात आणि बहुतेकींच्या बोलण्यामागे दारू असते. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. माझ्या घरी तो धाकटा भाऊ होता. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच त्याला सांभाळलं. पुढे तो वाहनचालक झाला, लग्न झालं, मुलगा झाला आणि दारू कधी रोजची झाली ते कुणाला कळलंच नाही. मग तो माझ्याकडे यायला लागला. कधी मुलाची फी, कधी गॅस, कधी गाडीचा हप्ता. मी देत गेले. आपण त्रिसरण घेतलेली माणसं, दया करीन असं बाबासाहेबांनी आपल्याकडून वदवून घेतलेलं, तर सख्ख्या भावाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं वाटायचं. दोन वर्षांनी हिशेबाची वही काढली तर सेहेचाळीस हजार झाले होते आणि भाच्याची फी थकलेलीच होती.

मग मी मध्यम मार्ग धरला, म्हणजे तेव्हा मला जो कळला होता तो. त्याने दोन हजार मागितले की एक हजार द्यायचे. पाच मागितले की अडीच. महिनाभरात तो दुप्पट मागायला शिकला.

इथे थांबून एक सांगते, कारण ही चूक मी फार घरांत पाहते. सारनाथला पाच भिक्खूंना पहिला उपदेश करताना बुद्धांनी दोन टोकं सांगितली. एक कामसुखात बुडून जाण्याचं, दुसरं स्वतःला पिळून काढण्याचं, अत्तकिलमथ. ही दोन्ही टोकं सोडली की मार्ग सापडतो, असं ते म्हणाले. त्यांच्या मधोमध उभं राहा, असं म्हणाले नाहीत. अर्धं सुख आणि अर्धा उपवास असा तो मार्ग नाही. तो आठ अंगांचा आहे आणि त्याचं पहिलं अंग सम्यक दृष्टी, म्हणजे आहे तसं पाहणं. सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी वीणेचं उदाहरण दिलं होतं. तारा फार ताणल्या तरी वीणा नीट वाजत नाही, फार ढिल्या ठेवल्या तरी नाही. वीणा वाजवणारा तार जुळवतो ती कानाने. खुंटीचे वेढे मोजून मधला वेढा धरला तर सूर लागेलच असं नाही. अर्धे पैसे देताना मी वेढे मोजत होते. ते पैसे कुठे जातात, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

अर्ध्याने जमेना तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेले. एका शनिवारी भावजयीच्या संमतीने त्याला आमच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. दोन वेळचं जेवण, चहा, पाणी, आणि दारूचा थेंब नाही. रविवारी सकाळी त्याचे हात इतके थरथरत होते की कप धरता येईना. घाम सुटलेला. मला वाटलं, नाटक करतोय, सोस थोडं. त्या रात्री त्याला झटका आला. दात घट्ट मिटलेले, डोळे वर गेलेले. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते मी आता विहारात प्रत्येकीला सांगते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. हात थरथरणं, घाम, उलटी, झोप उडणं या आधीच्या खुणा असतात. दारू सोडवायची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा ही तिन्ही एकत्र का सांगितली, ते मला त्या दवाखान्याच्या बाकड्यावर कळलं. माझ्याकडे प्रज्ञा नव्हती, आणि तिच्यावाचून माझ्या करुणेने त्याचा जीव घेतला असता.

त्यानंतर मी ज्याच्या आधाराने चालले तो बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, केलेला उपदेश आहे. मज्झिम निकायात तो येतो. सम्राट अशोकाने भिक्खू आणि उपासकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत म्हणून जे मोजके उपदेश दगडावर नोंदवले त्यात तो आहे. तो शिलालेख राजस्थानात बैराटला सापडला. बुद्ध राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसंच, ते म्हणतात, काया, वाचा आणि मन यांचं प्रत्येक कर्म पाहून पाहून करावं. करण्याआधी पाहायचं, करताना पाहायचं, करून झाल्यावर पाहायचं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: याने मला पीडा होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का?

हे ऐकायला साधं वाटतं, पण माझ्या दोन वर्षांच्या दानाला लावून बघा. भावाला पीडा होत होती, ती सगळ्यांना दिसत होती. मला होत असलेली पीडा मी मोजतच नव्हते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दिवसाआड घेत होते, पैसे पुरावेत म्हणून, आणि त्याला त्याग म्हणत होते. बुद्धांच्या प्रश्नात 'मला' हा शब्द पहिला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि दोघांना होणारी पीडा म्हणजे आमच्यातला खोटेपणा. तो फी म्हणायचा, मला माहीत असायचं की फी नाही, तरी मी विचारायचे नाही. खरं सांगायचं तर नोट हातावर ठेवली की तो जायचा आणि माझी घालमेल थांबायची. मी ती घालमेल थांबवण्यासाठीच पैसे देत होते.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा फीचे आठ हजार मागत होता. मी म्हटलं, उद्या तुझ्यासोबत शाळेत येते. फी मी खिडकीवर भरली, पावती भावजयीकडे दिली. किराणा दुकानातून तिच्या घरी पाठवला. आणि त्याला सांगितलं, रोख पैसे माझ्याकडून आता मिळणार नाहीत, पण सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीसाठी जायचं असेल त्या दिवशी मी कामावर रजा टाकून येईन, कितीही वेळा. यात अर्धं काहीच नव्हतं. पैशाला पूर्ण नाही आणि सोबतीला पूर्ण हो.

पण 'करताना पाहा' इथे मी चुकले. त्या संध्याकाळी तो पिऊन आला आणि तेच पुन्हा मागू लागला. मी दारातच सुरू झाले. आईचं नाव काढलं, सेहेचाळीस हजार काढले, झटका आला ती रात्र काढली. बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. भाचा माझ्या ओट्याजवळ गणितं करत बसला होता. माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. वहीच्या एकाच चौकटीत तो पेन्सिल गोल गोल फिरवत होता आणि कागद फाटून खालचं पान दिसत होतं. मी तिथेच थांबले. वाक्य अर्धं सोडलं. राहुलला सांगितलंय ना, करताना पीडा दिसली तर ते कर्म तिथेच टाकून दे.

खरं बोलण्याबद्दल बुद्धांनी अभय नावाच्या राजकुमाराला जे सांगितलं ते मला त्या रात्री आठवलं. अभयच्या मांडीवर एक तान्हं बाळ होतं. बुद्धांनी विचारलं, या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोकं धरून उजव्या हाताचं बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी. कारण मला बाळाची कणव आहे. बुद्ध म्हणाले, तथागताचंही तसंच. जे खरं आणि हिताचं आहे ते समोरच्याला आवडणारं नसलं तरी तथागत बोलतो, पण त्याची वेळ जाणून बोलतो.

त्या गोष्टीतला खडा आणि रक्त सगळ्यांना आठवतं. कठोर बोलायला तो परवानाच वाटतो. मला मात्र आता तो डावा हात आठवतो. आधी डोकं धरलेलं आहे, मग बोट तोंडात गेलं आहे. मी डोकं धरलंच नव्हतं. प्यायलेल्या माणसाला, त्याच्या मुलासमोर, संध्याकाळी सात वाजता हिताचं सांगण्यात वेळ कुठली जाणली मी?

करून झाल्यावर पीडा दिसली तर काय करायचं, तेही त्याच उपदेशात आहे. कायेने किंवा वाचेने चूक झाली असेल तर ती गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करायची आणि पुढे सावध राहायचं. मी दुसऱ्या दिवशी विहारातल्या एका वयस्क बाईंपाशी सगळं बोलले. त्यांनी उपदेश केला नाही, एवढंच विचारलं, पोराशी बोललीस का? मग मी भाच्याकडे गेले. म्हटलं, तुझ्यासमोर तुझ्या बाबांना मी तसं बोलायला नको होतं. तो म्हणाला, खरं होतं पण. मी म्हटलं, हो, खरं होतं, तरी तसं नको होतं.

भावाशी मी बोलले ते रविवारी सकाळी, तो शुद्धीत असताना, चहाच्या वेळी. मोजून चार वाक्यं. दवाखान्यात जायला तो अजून दोन महिन्यांनी तयार झाला. आठ दिवस भरती होता, औषधं घेतली, पाच महिने नीट गेले. मग पुन्हा पिऊ लागला. पुन्हा गेलो. आज तो सुटलाय असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. राहुलला दिलेला आरसा माझं कर्म दाखवतो, त्याचं नाही. त्याच्या वतीने मला त्यात पाहता येत नाही, आणि हे मान्य करायला मला पैसे बंद करण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

परवा तो आला होता. उंबऱ्यावर बसून म्हणाला, ताई, पाचशे दे. मी नाही म्हटलं आणि चहा ठेवला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला. हात थरथरतात का ते मी पाहत होते, आणि मी पाहतेय हे त्यालाही माहीत होतं. चहा झाल्यावर त्याने विचारलं, सोमवारी सुट्टी मिळेल का तुला?