पॅनवर एक नाव, चेकवर दुसरं: नव्या पुरवठादाराची नोंदणी

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात काम करते. पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी डिचोलीचा एक छोटा उद्योग नवा व्हेंडर म्हणून घ्यायचा ठरला. पहिल्याच ईमेलमध्ये मी सगळं मागून घेतलं: पॅन, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, उद्यम प्रमाणपत्र, कॅन्सल केलेला चेक आणि सही-शिक्क्यासह आमचा बँक तपशिलाचा फॉर्म. उद्यम आधीच हवं, कारण सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करार काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. आमची नेहमीची 60 दिवसांची मुदत तिथे चालत नाही.

कागद वेळेत आले. जीएसटी क्रमांक गोव्याच्या 30 ने सुरू होत होता आणि पुढची दहा अक्षरं पॅनशी तंतोतंत जुळत होती. तरीही अकाउंट्सने फाइल परत पाठवली. पॅनवर मालकीणबाईंचं नाव होतं, चेकवर फर्मचं.

एकल मालकीच्या धंद्यात हे अगदी स्वाभाविक आहे. फर्मला वेगळा पॅन नसतो, मालकाचाच लागतो. चालू खातं मात्र फर्मच्या नावाने उघडतात. जीएसटी प्रमाणपत्रात ‘लीगल नेम’ आणि ‘ट्रेड नेम’ ही दोन्ही नावं असतात. पोर्टलवर क्रमांक टाकून मी ती पडताळली, नोंदणी चालू असल्याचंही पाहिलं. राहिला प्रश्न बँकेचा. मी लिहिलं, "ताई, या खात्याच्या मालक तुम्हीच आहात असं शाखेचं शिक्क्याचं पत्र पाठवाल का?" पत्र आलं आणि फाइल पुढे सरकली.

मंजुरीची वाट अशी: माझी शिफारस, विभागप्रमुखांची संमती, मग अकाउंट्समध्ये एकाने खातं सिस्टीमवर चढवायचं आणि दुसऱ्याने मूळ चेकशी ताडून मंजूर करायचं. हे दोन हात वेगळे असलेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे. एनईएफटीचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळलं नाही म्हणून ते अडत नाहीत. एप्रिल 2025 पासून बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय दिली आहे, पण ते बघणारा माणूस हवाच. आम्ही आधी एक रुपया पाठवला, मग त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन करून तो पोचल्याची खात्री केली. त्यानंतरच व्हेंडर कोड निघाला.

त्यांना पाठवलेल्या शेवटच्या ईमेलमध्ये मी एक ओळ मुद्दाम घातली: खातं बदलल्याचं नुसत्या ईमेलवर आम्ही मान्य करणार नाही, नवा फॉर्म, नवा चेक आणि आमच्याकडून तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन, हे पुन्हा होईल. ताईंचं उत्तर लगेच आलं, "बरं झालं सांगितलंत, आमच्या गिऱ्हाइकांनाही असंच कळवते."